खोली मार्च महिन्यात पाहिली होती

कुर्ल्याच्या एका बैठ्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आम्ही तिघींनी भाड्याने घेतली तेव्हा मार्च महिना चालू होता. भिंतींना ताजा गुलाबी रंग दिलेला होता. त्याआधी चार खोल्या पाहिल्या होत्या. दोन ठिकाणी पूर्ण नाव विचारलं गेलं आणि आडनाव सांगितल्यावर 'घरात लग्न निघालंय, खोली आम्हालाच लागेल' असं उत्तर मिळालं. या पाचव्या मालकाने आडनाव विचारलं नाही, डिपॉझिट किती देता एवढंच विचारलं. त्या आनंदात आम्ही भिंतींकडे नीट पाहिलंच नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वास सुरू झाला. भिजलेलं पोतं कोपऱ्यात पडून राहावं तसा कुबट वास. जुलैत लोखंडी कपाटामागे काळे ठिपके दिसले, गल्लीकडच्या भिंतीचा रंग खालून पोपडे होऊन सुटायला लागला, आणि माझं डोकं सकाळी उठतानाच ठणकलेलं असायचं. मी परभणीकडची. आमच्याकडे पाऊस आला तरी मध्ये ऊन पडतं, गोधड्या पत्र्यावर टाकल्या की दुपारपर्यंत वाळतात. सलग वीस दिवस काहीच वाळत नाही हा अनुभव मला नवा होता.

मालकीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही मुली मोरी घासत नाही, घर बंद ठेवता, म्हणून वास येतो. आधीच्या लोकांची कधी तक्रार नव्हती." यावर आम्ही काय करावं? तिघी फिनाईल घेऊन लादी पुसायला बसलो. सकाळ-संध्याकाळ. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, शुद्धाशुद्धतेवर सेमिनार दिलेल्या मुली. 'तुम्ही अस्वच्छ आहात' हे वाक्य आपल्या कानांना इतकं जुनं आहे की ते खरं आहे का हे तपासण्याआधी हात बादलीकडे जातो. रोज दोनदा पुसलेल्या लादीचं पाणी त्याच बंद खोलीत मुरत होतं, आणि फिनाईलचा उग्र वास माझ्या डोक्यात आणखी एक खिळा ठोकत होता, हे नंतर कळलं.

म्हणून मुद्दा आधीच मांडते. ओल म्हणजे अस्वच्छता नव्हे. ओल म्हणजे पाणी, आणि ते कुठून तरी येत असतं. बुरशीला रंग, धूळ, कागद, लाकूड, कापूस यांतलं काहीही खायला चालतं, आणि ते सगळ्यांच्याच घरात असतं, बंगल्यातही. फरक पाण्याचा असतो. पाण्याचा रस्ता शोधला नाही तर फिनाईल, धूप, अत्तर आणि डोकेदुखीची गोळी ही सगळी एकाच जातीची उपाययोजना ठरते. जात हा शब्द मुद्दाम वापरलाय: दोष खोलीत आणि प्रायश्चित्त राहणाऱ्याला.

आता डोकेदुखीचं. इथे मला माझ्याच बाजूने अतिशयोक्ती करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दम्याचा त्रास वाढणं, खोकला, छातीत घरघर, नाक-घशाचे विकार यांच्याशी ओलीचा संबंध पुरेशा पुराव्याने जोडलेला आहे. डोकेदुखी त्या पक्क्या यादीत नाही. याच तत्त्वांत बुरशीचं 'इतकं चालेल' असं कोणतंही प्रमाण ठरवलेलं नाही. सांगितलंय ते हे, की ओलच काढा. त्यामुळे 'बुरशीचं विष मेंदूत जातं' असे जे व्हिडिओ फिरतात ते बाजूला ठेवलेले बरे.

मग माझं डोकं का दुखत होतं? पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ओलीबद्दल आधी विचारलंच नाही. "महिन्यातून किती दिवस गोळी घेतेस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी बोटांवर मोजलं. सतरा दिवस. तीही मेडिकलवर सुटी मिळणारी, वेदनाशामक आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी. अशा मिश्र गोळ्या महिन्यातले दहा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू लागते. माझा तिसरा महिना सुरू होता.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की माझी डोकेदुखी मुळात अर्धशिशी आहे. एका बाजूला ठणकणं, मळमळ, उजेड आणि वास सहन न होणं, जिना चढलं की वाढणं. मी तिला 'सायनस' समजत होते, कारण पावसाळ्यात नाक चोंदायचं. बहुतेक लोक हीच गल्लत करतात. खऱ्या सायनसच्या संसर्गात घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असतो आणि बऱ्याचदा तापही. अर्धशिशी असलेल्यांना उग्र वास हा नेहमीचा चिथावणारा घटक. नाकात वास ओळखणाऱ्या नसेबरोबर चेहऱ्याची वेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेची टोकंही असतात, आणि अर्धशिशीच्या दुखण्यात हीच नस गुंतलेली असते. बुरशी वाढताना हवेत उडून जाणारी रसायनं सोडते. कुबट वास त्यांचाच. वास येतोय म्हणजे कुठेतरी बुरशी जिवंत आहे आणि पाणी पितेय, भिंतीवर ठिपका दिसो न दिसो.

यात एक अडचण आहे. अर्धशिशी सुरू होण्याच्या काही तास आधीपासूनच नाक तीक्ष्ण होतं. म्हणजे वासाने डोकं दुखलं, की डोकं दुखणार होतं म्हणून वास जास्त आला, हे एका दिवसात ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी वही करायला सांगितली. संशोधन करणाऱ्या मुलीला वही सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं, तरी चार दिवस मी टाळलं. मग तीन आठवडे लिहिलं: दुखणं किती वाजता सुरू झालं, तेव्हा मी कुठे होते, रात्री किती झोपले, जेवण चुकलं का, पाळीचा कितवा दिवस, गोळी घेतली का, खोलीत त्या दिवशी काय केलं. वहीतून दोन गोष्टी वर आल्या. खोलीत झोपलेल्या सकाळी दुखणं जास्त वेळा होतं, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन-तीन तास बसल्यावर बऱ्याचदा उतरायचं. मैत्रिणीकडे डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर काढलेल्या चार रात्रींत एकदाच दुखलं. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती: सर्वात वाईट दिवस ते, ज्यांच्या आदल्या रात्री आम्ही कपडे आत वाळत घालून, खिडकी लावून, मच्छर अगरबत्ती पेटवून झोपलो होतो.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण ती पुढे ढकलण्यासारखी नाही. खोलीतल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं आणि बाहेर येताच बरं वाटलं, तर तो बुरशीचा वास नसतो. पावसाळ्यात बाळाचे कपडे वाळवायला किंवा बाळंतिणीला शेक द्यायला कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवतात. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा वायू निघतो आणि तो जीव घेतो. आधी बाहेर पडायचं, मग दवाखाना गाठायचा. तसंच डोकेदुखीसोबत ताप असेल तर मुंबईच्या पावसात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांच्यासाठी रक्त तपासायचं. आणि अचानक, आयुष्यात कधी झालं नाही इतकं जोराचं डोकं दुखलं, मान ताठली, हातपाय लुळा पडला किंवा दिसेनासं झालं, तर वही वगैरे काही नाही, थेट मोठं रुग्णालय.

आता पाण्याचा रस्ता. शेजारच्या मावशींचा मुलगा गवंडीकाम करतो. त्याने भिंत पाहिली आणि तीन प्रकार सांगितले, जे मला कुठल्याही पुस्तकाइतके नीट कळले. वरून किंवा बाहेरून गळणारं पाणी डाग पाडतं, डागाला पिवळी-तपकिरी कड असते, आणि वारा-पावसाच्या माऱ्यानंतर तो पसरतो. वरच्या मजल्याच्या मोरीचं असेल तर उन्हाळ्यातही तो ओला राहतो. जमिनीतून चढणारी ओल खालून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा धरते, तिथे गिलावा भुसभुशीत होतो आणि पांढरा लोणा फुलतो. तिसरी ओल भिंतीची नसतेच, ती खोलीतल्या हवेची असते. हवेतली वाफ गार, हवा न खेळणाऱ्या जागी बसते: कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली. तिथे काळे ठिपके येतात, लोणा येत नाही.

खात्री करायला त्याने साधी युक्ती सांगितली. पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल वीतभर चौकोनी कापायची, भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायची आणि दोन दिवसांनी पाहायची. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ते आपल्या हवेतून. आम्ही दोन तुकडे लावले. गल्लीकडच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर लावलेला तुकडा मागून चिंब निघाला. कपाटामागच्या कोपऱ्यातला मात्र पुढून ओला होता, मागून कोरडा. म्हणजे एका खोलीत दोन पाणी. एक मालकाचं, एक आमचं.

मालकाचं पाणी कुठून येत होतं ते बाहेर जाऊन वाकून पाहिल्यावर दिसलं. गल्लीवर वर्षानुवर्षं काँक्रीटचे थर चढले होते आणि आमची लादी गल्लीपेक्षा खाली गेली होती. मुंबईतल्या जुन्या वस्त्यांत हे चित्र सगळीकडे आहे. रस्ता वर जातो, घर खड्ड्यात राहतं. तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीच्या पायाला टेकून उभं होतं आणि विटा ते वर ओढत होत्या. आम्ही आत कितीही फिनाईल ओतलं असतं तरी त्याचा या पाण्याशी काय संबंध होता?

आमचं पाणी मात्र आम्हाला मोजता आलं. तिघींचे तीन दिवसांचे हाताने पिळलेले कपडे रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलले: सव्वापाच किलो. वाळल्यावर तेच तीन किलो. म्हणजे दोन लिटरहून जास्त पाणी दर तीन दिवसांनी खोलीच्या हवेत जात होतं. शिवाय भाताची वाफ, अंघोळ, आणि खिडकी लावून झोपलेल्या तिघींचा श्वास-घाम. दुकानात ओल शोषणारे जे डबे मिळतात त्यांत काहीशे मिलिलीटर पाणी मावतं. कपाटाच्या आत ते ठीक, खोलीसाठी नाही.

मग बदल केले. पहिला कपड्यांचा: मावशींच्या मशीनमध्ये धुवायचे नाहीत, फक्त फिरवून पिळून घ्यायचे, विजेचे पैसे द्यायचे. त्यात किलोभर पाणी तिथेच निघून जातं. दोरी बाहेर पत्र्याच्या वळचणीखाली नेली. दुसरा बदल खिडकीचा. बाहेरची हवाच दमट, मग खिडकी उघडून काय उपयोग, असा आमचा समज होता. तो अर्धाच खरा आहे. धुवांधार पावसात खिडकी उघडून खोली कोरडी होत नाही, पण स्वयंपाक आणि अंघोळ चालू असताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा ओली असते. तेवढा वेळ आणि पुढे वीसेक मिनिटं टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावला की वाफ निघून जाते. तिसरा, सामान भिंतीपासून चार बोटं लांब. कपाट, पुस्तकं, गादी सगळं. माझ्याकडचे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे'चे खंड भिंतीला टेकून रचलेले होते, दोघांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी आली होती. ते पिशवीत बांधून वेगळे ठेवले आणि ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर उघडून वाळवले, मग कोरड्या फडक्याने बाहेरच पुसले. पानांवर डाग राहिले, वास गेला. चौथा बदल म्हणजे मच्छर अगरबत्ती, धूप आणि कपाटातल्या डांबर गोळ्या बंद. मच्छरदाणी लावली. वास झाकायला आणलेली प्रत्येक वस्तू माझ्या डोक्याला वासाइतकीच जड होती.

कोपऱ्यातले काळे ठिपके मी पुसले नाहीत. ज्याचं डोकं किंवा छाती धरते त्याने ते काम करू नये. मैत्रिणीने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्याने भिजवून घासले. कोरड्या झाडूने झाडले तर बुरशीची पूड खोलीभर उडते. ब्लीच वापरायचंच असेल तर त्यात संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. खूप मोठा भाग काळा पडला असेल, म्हणजे साधारण दाराच्या अर्ध्या फळीपेक्षा जास्त, तर ते घरच्या घरी घासण्याचं काम नाही.

मालकाने आधी काय सुचवलं? आतून ऑइलपेंट. गवंडीदादा हसला. ओली भिंत आतून बंद केली तर पाणी आणखी वर चढतं आणि पुढच्या वर्षी रंग फुग्यासारखा सुटतो. त्याने सांगितलेलं काम असं: बाहेरचं गटार मोकळं करायचं, भिंत आणि गल्लीच्या सांध्यावर सिमेंटचा उतार देऊन पाणी भिंतीपासून दूर काढायचं, आत भुसभुशीत गिलावा खरवडून, भिंत वाळल्यावर चुना लावायचा. चुना क्षारीय असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही आणि भिंतीतली वाफ तो अडवत नाही. लावताना डोळे सांभाळायचे. गल्लीची उंची मात्र यातल्या कशानेच कमी होत नाही. ओल कमी होते, संपत नाही.

हे मालकाकडून करून घेता येतं का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाचून मला आनंद झाला, आणि मग करार काढून पाहिला. आमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स होता. आपल्यातले बहुतेक विद्यार्थी याच करारावर राहतात, आणि अशा राहणाऱ्याला भाडेकरूचे हे हक्क आपोआप मिळत नाहीत. म्हणून दुरुस्तीचं कलम सही करण्याआधी करारातच लिहून घ्यावं लागतं. आमच्या हातात फक्त फॉइलचे फोटो होते. ते दाखवल्यावर मालकीणबाई 'तुम्ही मुली' म्हणायच्या थांबल्या, एवढं खरं. अर्धे पैसे त्यांनी दिले, अर्धे आम्ही. हे न्याय्य नव्हतं, पण सहावी खोली शोधायची आमची तयारी नव्हती.

ती तयारी का नसते, हे वैयक्तिक भित्रेपण नाही. २०१५ साली सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवर्ण नावाच्या व्यक्तीला जितक्या सहज होकार मिळाला तितका दलितांना मिळाला नाही, आणि मुस्लिमांना त्याहून कमी. ज्यांना दहा खोल्यांतून निवडता येत नाही त्यांच्या वाट्याला तळमजला, गटाराकडची भिंत आणि एकच खिडकी येते. मग वासही त्यांच्याच नावावर लागतो.

जुलै महिन्यात माझे डोकेदुखीचे दिवस सोळा होते. पुढच्या वर्षीच्या जुलैत सहा. यातलं श्रेय भिंतीला किती, गोळ्या कमी केल्या त्याला किती आणि डॉक्टरांनी अर्धशिशीसाठी दिलेल्या रोजच्या औषधाला किती, हे मला वेगळं काढता येत नाही. मिश्र गोळ्या सोडल्यानंतरचे पहिले दहा दिवस दुखणं वाढलं होतं, हे मात्र सांगायला हवं, नाहीतर कोणी मध्येच सोडून देईल.

यंदा मे महिन्यात गोंदियाहून आलेल्या एका ज्युनिअर मुलीबरोबर खोली बघायला गेले. भिंतींना ताजा रंग होता, पण खालच्या तीन फुटांचा रंग वरच्यापेक्षा जरा वेगळ्या छटेचा. दाराच्या चौकटीचं तळ फुगलेलं, खालच्या स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेले. मी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत डोकं घातलं आणि वास घेतला. एजंट म्हणाला, "ताई, तुम्ही काय शोधताय?" तोवर ती मुलगी शेजारच्या घरापुढे उभी राहून तिथल्या आजींना विचारत होती, "आजी, जुलैत ह्या घरात पाणी कुठवर येतं?"